बुश तोट्यात, व्हॉल्व्ह बॉडी फायद्यात? मशीन तासांचा दर काय लपवतो

प्रश्न: भोसरीत आमचं मशीन शॉप आहे. आठ सीएनसी, दोन शिफ्ट. महिन्याला 20,000 बुश (4 ड्रॉइंग) आणि 400 स्पेशल व्हॉल्व्ह बॉडी (26 ड्रॉइंग, साधारण 35 लॉट) निघतात. बुशला 6 मिनिटं मशीन लागतं, बॉडीला सव्वा तास. महिन्याचा ओव्हरहेड 15 लाख, तो मशीन तासांवर वाटतो. या हिशेबाने बुशमध्ये नगामागे ₹5 जातात आणि बॉडीत ₹600 सुटतात. भागीदार म्हणतो बुश बंद करू, बॉडी वाढवू. पण बॉडी वाढवल्यापासून नफा उलट घटलाय. एबीसी, म्हणजे कामानुसार ओव्हरहेड वाटायची पद्धत, वापरली तर चित्र बदलेल का? किती? शीट जोडली आहे.

उत्तर:

चित्र नुसतं बदलणार नाही, उलटणार आहे. तुमच्या शीटवरून मी जो हिशेब मांडला त्यात बुश नगामागे सुमारे ₹20 कमावतो आणि बॉडी नगामागे ₹660 खाते. भागीदारांना बुशला हात लावू देऊ नका, निदान हे सगळं वाचून होईपर्यंत.

आधी आत्ताचा हिशेब काय करतो ते पाहू. बुशचे 2,000 आणि बॉडीचे 500 असे 2,500 मशीन तास होतात. 15 लाखांना 2,500 ने भागलं की तासाला ₹600. म्हणून बुशवर ₹60 आणि बॉडीवर ₹750 ओव्हरहेड बसतो. कच्चा माल आणि थेट मजुरी धरून बुश ₹145 ला पडतो आणि तुम्ही तो ₹140 ला विकता. बॉडी ₹2,000 ला पडते, विकता ₹2,600 ला. बेरीज-भागाकारात कुठेही चूक नाही. चूक आहे ती एका गृहीतकात. ओव्हरहेडचा प्रत्येक रुपया मशीन फिरतं म्हणूनच खर्च होतो आणि जेवढं जास्त फिरतं तेवढा जास्त होतो, असं हा दर मानतो.

विजेच्या बिलाबाबत ते बऱ्यापैकी खरं आहे. सेटरच्या पगाराबाबत अजिबात नाही. बुशचं मशीन एकदा लावलं की 2,000 नग निघेपर्यंत सेटर तिकडे फिरकत नाही. बॉडीच्या लॉटला मात्र जॉ बदला, टूल बदला, ऑफसेट घ्या, पहिला नग काढा, क्वालिटीकडे पाठवा, परत आला की दुरुस्ती करा. मग बाजू उलटवून हेच पुन्हा. एवढं करून लॉटमध्ये नग निघतात सरासरी अकरा-बारा.

म्हणून 15 लाखांचा एक ढीग न ठेवता तो कामानुसार फोडायचा. लेजरमधली नावं इथे फार उपयोगाची नाहीत. ‘पगार’, ‘दुरुस्ती’, ‘कन्झ्युमेबल’ ही नावं पैसा कशावर गेला ते सांगतात, कशासाठी गेला ते सांगत नाहीत. तुमच्या शीटमधल्या पगारपत्रकावरून आणि स्टोअरच्या इश्यूवरून मी पाच कप्पे केले. प्रत्येक कप्प्यापुढे तो खर्च ज्याच्यामुळे वाढतो ती गोष्ट लिहिली आहे.

| काम | महिन्याचा खर्च | कशावर वाटायचा | बुश | बॉडी |
|---|---|---|---|---|
| मशीन चालवणं | ₹7,50,000 | मशीन तास | 2,000 | 500 |
| सेटअप | ₹3,00,000 | सेटअप तास | 20 | 280 |
| तपासणी | ₹1,80,000 | तपासणीचे तास | 40 | 160 |
| खरेदी, आवक, स्टोअर | ₹1,20,000 | पर्चेस ऑर्डर | 20 | 100 |
| प्रोग्रॅम, फिक्स्चर, ड्रॉइंग सांभाळणं | ₹1,50,000 | चालू ड्रॉइंग | 4 | 26 |

शेवटच्या दोन रकान्यांकडे नीट बघा, सगळी गोष्ट तिथेच आहे. मशीन तासांत बुश आणि बॉडीचं प्रमाण 80 ला 20 आहे. सेटअपमध्ये तेच 7 ला 93 होतं. तपासणीत 20 ला 80, खरेदीत 17 ला 83, ड्रॉइंगमध्ये 13 ला 87. पाचही ओळींत प्रमाण 80 ला 20 असतं, तर एबीसीचं उत्तर तुमच्या आत्ताच्या उत्तराशी पैशापर्यंत जुळलं असतं आणि एवढा खटाटोप वाया गेला असता. वस्तूंचं कामाशी असलेलं प्रमाण ओळीगणिक जितकं बदलतं आणि त्या ओळींत जितका जास्त पैसा असतो, तितकी जुनी किंमत खऱ्यापासून लांब जाते. तुमच्याकडे निम्मा ओव्हरहेड, म्हणजे साडेसात लाख, अशा ओळींत आहे. कुठल्याही कारखान्यात पूर्ण एबीसी करण्याआधी मी हे प्रमाण एका कागदावर काढून पाहतो. फरक नसेल तर तिथेच थांबतो.

आता दर. मशीन तास ₹300, सेटअप तास ₹1,000, तपासणीचा तास ₹900, एक पर्चेस ऑर्डर ₹1,000, एक चालू ड्रॉइंग महिन्याला ₹5,000. बुशच्या वाट्याला मशीनचे ₹6,00,000, सेटअपचे ₹20,000, तपासणीचे ₹36,000, खरेदीचे ₹20,000 आणि ड्रॉइंगचे ₹20,000 येतात. एकूण ₹6,96,000, नगामागे ₹34.80. बॉडीच्या वाट्याला याच क्रमाने ₹1,50,000, ₹2,80,000, ₹1,44,000, ₹1,00,000 आणि ₹1,30,000 येतात. एकूण ₹8,04,000, नगामागे ₹2,010.

म्हणजे बुशची पूर्ण किंमत ₹119.80 झाली आणि ₹140 च्या भावात ₹20.20 सुटले. बॉडीची किंमत ₹3,260 झाली आणि ₹2,600 च्या भावात ₹660 गेले.

इथे एक ताळा करा, तो कधीच चुकवू नका. बुशवर नगामागे ₹25.20 जास्त चढवले जात होते. गुणिले 20,000 म्हणजे ₹5,04,000. बॉडीवर नगामागे ₹1,260 कमी चढत होते. गुणिले 400, पुन्हा ₹5,04,000. एकाचं ओझं दुसऱ्यावर गेलं होतं, एवढंच. महिन्याचा नफा दोन्ही पद्धतींनी ₹1,40,000 च येतो. जुन्या हिशेबात बुशचा एक लाख तोटा आणि बॉडीचा ₹2,40,000 फायदा, नव्यात बुशचा ₹4,04,000 फायदा आणि बॉडीचा ₹2,64,000 तोटा. एबीसीनंतर कोणी तुम्हाला एकूण नफा वेगळा दाखवला तर त्याचा कुठला तरी कप्पा ट्रायल बॅलन्सशी जुळत नाही असं खुशाल समजा.

नगामागचे आकडे बघताना आणखी एक लक्षात येतं. बुशमधला फरक पंचवीस रुपयांचा दिसतो आणि बॉडीतला साडेबाराशेचा. रक्कम तीच आहे, पण एका बाजूला ती वीस हजार नगांत पसरली आहे आणि दुसऱ्या बाजूला चारशेत साचली आहे. म्हणून थोड्या संख्येच्या मालाची किंमत नेहमी फार मोठ्या टक्क्याने चुकते, तर मोठ्या संख्येच्या मालात चूक लहान दिसते. पण बुशच्या बाजारात दोन-तीन रुपयांवर ऑर्डर इकडची तिकडे होते. तिथे पंचवीस रुपये म्हणजे गिऱ्हाईक हातचं गेलं.

हे नवं नाही. अमेरिकेत आयोवातल्या वॉटर्लू इथल्या जॉन डिअर कंपोनंट वर्क्समध्ये तुमच्यासारखंच, पण ऑटोमॅटिक लेथवर, सुटे भाग करायचं काम चालायचं. 1984 मध्ये त्यांनी आपल्याच कंपनीच्या ट्रॅक्टर विभागांना लागणाऱ्या 275 भागांसाठी बाहेरच्या पुरवठादारांबरोबरीने भाव भरले. सर्वात कमी भाव त्यांचा निघाला तो फक्त 58 भागांना, आणि ते बहुतेक थोड्या संख्येचे. मोठ्या संख्येचे भाग, जे त्यांच्या मशीनना खरे साजेसे होते, ते बाहेरच्यांनी नेले. त्यानंतर त्यांनी ओव्हरहेड सात कामांमध्ये फोडला. त्यांत सेटअप, प्रॉडक्शन ऑर्डर काढणं, माल हलवणं आणि भागांची नोंद सांभाळणं ही कामं वेगळी काढली होती. रॉबर्ट कॅप्लन यांनी हार्वर्डमध्ये त्यावर लिहिलेली केस आजही शिकवली जाते.

तुमच्याकडे हीच लक्षणं आहेत का ते कागदाशिवायही कळतं. साध्या मालाच्या कोटेशनला ‘तुमचा भाव जास्त आहे’ असं सगळीकडून ऐकू येतं आणि अवघड मालाचा भाव वाढवला तरी गिऱ्हाईक मुकाट मान्य करतं. दुसरं कोणी त्या भावात ते काम घेत नसतं म्हणून. त्यात अवघड मालाच्या ऑर्डरी वाढल्या की सेटर, क्वालिटी, प्लॅनिंग इथे माणसं वाढतात आणि मशीन तास मात्र फारसे वाढत नाहीत. तुमचा नफा घटला तो या वाटेने. शिवाय वाढलेल्या पगाराने तासाचा दर चढतो, त्यातला 80 टक्के भार पुन्हा बुशवरच जातो आणि बुश आणखी तोट्यात दिसायला लागतो.

आता जरा थांबून ₹3,260 या आकड्याकडे संशयाने बघू. बरेच जण एबीसी करून इथेच थांबतात आणि नवा सरासरी आकडा भावाला लावून मोकळे होतात. तो आकडाही फसवतो. सेटअप नगामुळे होत नाही, लॉटमुळे होतो. तुमच्या 35 लॉटपैकी काही 4 नगांचे आहेत आणि काही 40 चे. दोघांना तेच दोन सेटअप, चार-चार तासांचे.

म्हणून बॉडीचा खर्च तीन थरांत ठेवा. नगाबरोबर वाढणारा म्हणजे माल, मजुरी आणि मशीन: ₹1,250 अधिक सव्वा तासाचे ₹375, म्हणजे ₹1,625. लॉटबरोबर वाढणारा म्हणजे सेटअप, तपासणी आणि खरेदी: ₹5,24,000 भागिले 35, म्हणजे लॉटमागे जवळजवळ ₹15,000. आणि ड्रॉइंग यादीत आहे म्हणून लागणारा, महिन्याला ₹5,000, मग त्या महिन्यात लॉट निघो वा न निघो.

ड्रॉइंगचा थर बाजूला ठेवून पाहा. 4 नगांच्या लॉटमध्ये नगाला ₹3,750 लॉटखर्च बसतो आणि नग ₹5,375 ला पडतो. 40 नगांच्या लॉटमध्ये ₹375 बसतात आणि तोच नग ₹2,000 ला पडतो. विक्री दोन्हीकडे ₹2,600. पहिल्यात नगामागे ₹2,775 जातात, दुसऱ्यात ₹600 मिळतात. एका नगातून माल, मजुरी आणि मशीन वजा जाता ₹975 उरतात. ₹15,000 भरून निघायला त्यातले 16 नग लागतात. लॉट महिन्यातून एकदाच निघत असेल आणि ड्रॉइंगचे ₹5,000 ही धरायचे असतील तर 21. तुमचा सरासरी लॉट अकरा-बाराचा आहे, तेव्हा तोटा कुठून येतो ते शोधायला आणखी लांब जायला नको. बॉडी हा माल वाईट नाही, छोटे लॉट वाईट आहेत.

एक सांभाळा. मी तपासणीचा सगळा खर्च लॉटवर टाकला आहे. शंभर टक्के नग तपासायचे असतील तर त्यातला बराचसा भाग नगावर जाईल आणि 16 चा आकडा हलेल. पहिल्या नगाचा रिपोर्ट किती तास आणि बाकीचे नग किती तास, हे क्वालिटीच्या माणसाकडून वेगळं काढून घ्या.

एबीसीत आकडे जिथे बिघडतात ती जागा म्हणजे माहिती गोळा करणं. सेटरला ‘तुझा किती टक्के वेळ बॉडीवर जातो’ असं विचारलं तर तो टक्के शंभरपर्यंत जुळवून देतो. रिकामा वेळ कोणी सांगत नाही, त्यामुळे तोही मालाच्या दरात शिरतो. टक्के विचारण्यापेक्षा दोन आठवडे प्रत्येक मशीनवर एक कागद लावा आणि शेवटचा चांगला नग निघाल्याची वेळ आणि पुढच्या लॉटचा पहिला नग पास झाल्याची वेळ, एवढंच लिहायला सांगा. या दोहोंतलं अंतर म्हणजे सेटअप. बहुतेक ठिकाणी प्रॉडक्शन रिपोर्टमधला सेटअप यापेक्षा कमी निघतो, कारण पहिला नग क्वालिटीत पडून असतानाचा वेळ ‘मशीन बंद’ किंवा ‘इतर’ या खाली टाकलेला असतो. सेटअप मोजताना संख्या घेऊ नका, तास घ्या. बुशचा सेटअप दोन तासांचा आणि बॉडीचा चार तासांचा असताना दोन्ही एकेक मोजले तर बुशवर पुन्हा दुसऱ्याचं ओझं जाईल.

मोकळ्या क्षमतेचंही तसंच. आठ मशीन, दिवसाला 16 तास, 25 दिवस, म्हणजे 3,200 तास. त्यातले 2,500 चालले, 300 सेटअपमध्ये गेले, 400 मोकळे राहिले. मी वर साडेसात लाखांना 2,500 ने भागलं, कारण तुमच्या जुन्या दराशी तुलना सरळ व्हायला हवी होती. कोटेशनसाठी मात्र 3,200 ने भागा. दर ₹300 ऐवजी सुमारे ₹234 येईल, सेटअपच्या 300 तासांचे जवळपास ₹70,000 सेटअपच्या कप्प्यात जातील (सेटअप चालू असताना मशीन अडकलेलंच असतं) आणि राहिलेले सुमारे ₹94,000 मोकळ्या क्षमतेचे म्हणून वेगळे दिसतील. ते कुठल्याही नगावर टाकू नका. काम कमी आलं की दर वाढतो, दर वाढला की भाव वाढतो आणि आणखी काम जातं, या फेऱ्यातून त्यामुळे सुटका होते. वीज फक्त चालत्या मशीनला लागते, तेव्हा काटेकोर व्हायचं तर ती या भागाकारातून वेगळी काढा.

आता भागीदारांचा प्रस्ताव. बुश बंद केला तर नगामागे ₹140 उणे ₹85, म्हणजे ₹55 प्रमाणे महिन्याचे ₹11 लाख जातील. घसारा, सुपरवायझर, कर्ज हे लगेच कमी होत नाही. ओव्हरहेड काहीच कमी झाला नाही तर ₹1,40,000 नफ्याच्या जागी ₹9,60,000 तोटा. वीज आणि कन्झ्युमेबल वाचून तो थोडा कमी होईल, पण नफा होणार नाही.

पण ‘मग बॉडी बंद करू’ हेही एबीसी सांगत नाही, इथे फार लोक घसरतात. बॉडीतून माल-मजुरी वजा जाता महिन्याला ₹5,40,000 येतात. तिच्या नावावरचे ₹8,04,000 ती बंद केल्याबरोबर थांबत नाहीत. सेटर, प्रोग्रॅमर, क्वालिटीची माणसं तशीच राहिली तर तुम्ही ₹4,00,000 तोट्यात जाल. ही माणसं आणि ती मशीन दुसऱ्या कामाला लागली किंवा कमी झाली, तरच तो खर्च वाचला म्हणायचा. कोण कोणाची माणसं वापरतंय हे एबीसी दाखवतं. उद्या काय वाचेल, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मी तुमच्या जागी असतो तर तीन महिन्यांचे बॉडीचे सगळे लॉट नगसंख्येच्या क्रमाने लावले असते आणि 16 च्या खालच्यांवर रेघ मारली असती. त्यातल्या गिऱ्हाइकांना पुढचं कोटेशन दोन ओळींत द्या: लॉटचे ₹15,000 आणि नगाचा वेगळा भाव. एकच सपाट भाव दिला की गिऱ्हाईक गरज पडेल तसे चार-चार नग मागवतं, कारण त्याला त्याचं काही मोल पडत नाही. दोन ओळी दिसल्या की बरेच जण स्वतःच तीन महिन्यांचे नग एकत्र मागवतात. जे दोन्ही मान्य करत नाहीत त्यांचं काम सोडताना वाईट वाटून घेऊ नका. बुशच्या भावात मात्र तुमच्या हातात आता जागा आहे. ₹5 सोडून मोठी ऑर्डर मिळत असेल आणि ती त्या मोकळ्या 400 तासांत बसत असेल, तर घ्या. 400 तासांत 4,000 बुश निघतात, सेटअपचा वेळ वजा जाता थोडे कमी.

ताळेबंदातल्या स्टॉकची किंमत या नव्या दराने परस्पर बदलू नका. ए.एस. 2 या लेखा मानकाप्रमाणे स्थिर उत्पादन ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा असतो आणि न वाटला गेलेला भाग त्याच काळाच्या खर्चात जातो. 3,200 ने भागण्यामागचा विचार याच्याशी मिळताजुळता आहे. पण खरेदी आणि ड्रॉइंगच्या कप्प्यात ऑफिसचा प्रशासकीय खर्च मिसळलेला असेल, तर तो स्टॉकमध्ये धरता येत नाही. ते दोन कप्पे तुमच्या सीएबरोबर बसून तपासा. भाव ठरवण्याची शीट तोवर वेगळी चालू ठेवा आणि दर सहा महिन्यांनी सेटअपचे तास नव्याने मोजा. सेटअप चारवरून अडीच तासांवर आला की 16 चा आकडा तेव्हाच खाली येईल, जेव्हा वाचलेल्या तासांत सेटर आणि मशीन दुसरं विकाऊ काम करत असतील.